‘नीड्स टू अप्लाय हिमसेल्फ’ आणि ‘वर्क्स वेल विथ अदर्स’: इंग्लंडमधील शाळेचा रिपोर्ट पालकांनी कसा वाचावा

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडमधील प्राथमिक शाळांचे वार्षिक रिपोर्ट घरी येतात. कधी तो मुलाच्या दप्तरातल्या लिफाफ्यात असतो, तर हल्ली बहुतेक वेळा पालकांच्या फोनवर पीडीएफ म्हणून येतो. मराठी घरांत नेमकी तेव्हाच भारतात जाण्याची बांधाबांध चाललेली असते आणि बॅगा पुनःपुन्हा वजनकाट्यावर ठेवल्या जात असतात. रिपोर्ट उभ्या-उभ्या वाचला जातो, आणि त्यात वाईट असे काही दिसले नाही म्हणजे फाइलमध्ये जातो. रात्री व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, “काय म्हणतात गं त्याच्या बाई?” आई रिपोर्टमधली दोन वाक्ये आठवून सांगते, “अजून थोडी मेहनत कर म्हणतात, बाकी सगळ्यांशी मिळून-मिसळून असतो.”

आईने सांगितले ते खोटे नव्हे, पण त्या दोन वाक्यांत बाईंनी जे लिहिले होते त्यातले अर्धेअधिक त्यातून निसटले. मी इंग्लंडमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. दर उन्हाळ्यात ही वाक्ये मी स्वतः लिहिते, आणि माझ्या मुलांच्या रिपोर्टमध्ये आई म्हणून वाचलीही आहेत. या लेखात मी याच दोन शेऱ्यांबद्दल लिहिणार आहे, कारण मराठी पालक पहिला शेरा वाचून मुलाला रागावतात, दुसरा वाचून निश्चिंत होतात, आणि ते दोन्ही शेरे एकत्र वाचल्यावरच कळते ते बहुधा कोणीच वाचत नाही.

शेरा असा मऊ का असतो

इंग्लंडमधील सरकारी शाळांनी वर्षातून किमान एकदा प्रत्येक मुलाचा लेखी अहवाल पालकांना द्यावा, असे 2005 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्यात मुलाची सर्वसाधारण प्रगती, विषयवार थोडक्यात माहिती आणि हजेरी द्यावी लागते, आणि त्या अहवालावर शिक्षकांशी बोलायचे असल्यास काय व्यवस्था आहे हेही सांगावे लागते. हा शेवटचा भाग पालकांनी लक्षात ठेवावा. रिपोर्ट वाचून शिक्षकांची वेळ मागणे म्हणजे आगाऊपणा नव्हे, ती सोय अहवालातच धरलेली असते.

एका वर्गात साधारण तीस मुले असतात. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनभर वर्गशिक्षक संध्याकाळी घरी बसून तीस रिपोर्ट लिहितात, आणि मुख्याध्यापक किंवा उपमुख्याध्यापक ते सगळे वाचून मगच बाहेर पाठवतात. त्या वाचनात कठोर शब्द हमखास गाळले जातात. मी एकदा ‘काम अर्धवट टाकतो’ अशा अर्थाचे सरळ वाक्य लिहिले होते; ते परत आले आणि त्या जागी ‘नीड्स टू अप्लाय हिमसेल्फ मोर कन्सिस्टंटली’ असे गेले. शिवाय अनेक शाळांत तयार वाक्यांचा साठा असतो आणि त्यातून वाक्य उचलून नाव घातले जाते. म्हणून पालकांपर्यंत पोचणारा शेरा दोनदा गाळणीतून गेलेला असतो.

महाराष्ट्रात शिकलेल्या किंवा तिथे मुले शिकवलेल्या पालकांची इथे एक वेगळीच अडचण होते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून आपल्याकडच्या प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे वेगळे रकाने असतात. त्यामुळे आपला डोळा सुधारणेचा रकाना शोधतो. इंग्लंडच्या रिपोर्टमध्ये तो रकाना बहुधा वेगळा नसतो. तो कौतुकाच्या परिच्छेदात, दोन चांगल्या वाक्यांच्या मधोमध बसवलेला असतो. रकाना दिसला नाही म्हणून सुधारणाही नाही, असे समजणे हीच पहिली चूक.

पहिली पायरी: तीन गोष्टी वेगळ्या करा

रिपोर्ट घेऊन बसा, पेन्सिल हाताशी ठेवा, आणि त्यातल्या तीन गोष्टींभोवती वेगवेगळी खूण करा. पहिली गोष्ट म्हणजे दर्जा, म्हणजे मूल वयाच्या मानाने कुठे आहे. 2014 च्या नव्या अभ्यासक्रमाबरोबर जुन्या राष्ट्रीय लेव्हल रद्द झाल्या, तेव्हापासून मधल्या इयत्तांसाठी प्रत्येक शाळा आपापले शब्द वापरते; पण बहुतेक ठिकाणी ‘वर्किंग टुवर्ड्स’, ‘एक्स्पेक्टेड’ आणि ‘ग्रेटर डेप्थ’, म्हणजे अपेक्षेच्या खाली, अपेक्षेइतके आणि अपेक्षेच्या वर, हीच तीन पदे दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे मेहनत किंवा वृत्ती, जी कधी आकड्यात, कधी अक्षरात दिलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे शेरे.

ही विभागणी का करायची, ते एका उदाहरणाने पाहू. मी अनेक मुलांवरून एक मुलगा रचला आहे. इयर फाइव्हमधला, म्हणजे नऊ-दहा वर्षांचा. त्याच्या रिपोर्टमध्ये वाचनात ‘एक्स्पेक्टेड’, गणितात ‘ग्रेटर डेप्थ’ आणि लेखनात ‘वर्किंग टुवर्ड्स’ आहे. हजेरी 92 टक्के आहे. इंग्रजीच्या शेऱ्यात लिहिले आहे की त्याच्याकडे कल्पना भरपूर आहेत, ‘बट ही नीड्स टू अप्लाय हिमसेल्फ मोर कन्सिस्टंटली’, म्हणजे दिलेल्या वेळात काम पुरे होईल. पुढच्याच ओळीत आहे, ‘ही वर्क्स वेल विथ अदर्स अँड कॉन्ट्रिब्यूट्स कॉन्फिडंटली टू डिस्कशन्स’.

या मुलाची आई शेरा वाचून म्हणेल की मुलगा आळस करतो. पण दर्जाचा रकाना काय सांगतो? गणितात तो वर्गाच्या वरच्या टोकाला आहे. आळशी मूल एका विषयात इतके वर आणि दुसऱ्यात इतके खाली सहसा नसते. म्हणजे ‘मेहनत करत नाही’ हे वाक्य त्याच्या स्वभावाचे वर्णन नसून एका विशिष्ट कामाचे आहे, आणि ते काम म्हणजे कागदावर लिहिणे.

हजेरीकडेही इथेच पाहून घ्या. शाळेचे वर्ष सुमारे 190 दिवसांचे असते. जानेवारीत नाशिकला घरचे लग्न म्हणून दहा दिवस शाळा बुडाली, तर वर्षाचे पाच टक्क्यांहून थोडे अधिक गेले, आणि लेखनाचा एखादा संपूर्ण धडा, जो बहुतेक शाळांत दोन-तीन आठवडे चालतो, त्यातच निघून गेला. शेऱ्यात हे लिहिलेले नसते. बाईंना मात्र मूल परतल्यावर अडखळताना दिसते.

दुसरी पायरी: वाक्य सावकाश वाचा

इंग्रजी शेऱ्यात जोर क्रियापदात आणि क्रियाविशेषणात असतो. ‘कुड’ म्हणजे केले तर बरे होईल. ‘शुड’ म्हणजे करावे अशी अपेक्षा आहे. ‘नीड्स टू’ म्हणजे केल्याशिवाय पुढे जाणे कठीण आहे. याहून वरचा ‘मस्ट’ प्राथमिक शाळेच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ दिसत नाही. म्हणून ‘नीड्स टू’ ही नम्र भाषेतली सौम्य सूचना नसून, त्या भाषेत चालणाऱ्या सर्वांत ठाम शब्दांपैकी एक आहे. मराठीत याचा अर्थ ‘अजून थोडी मेहनत कर’ असा होत नाही. ‘नेट लावून काम करायला हवे, आत्ता तसे होत नाही’ असा होतो.

त्याउलट ‘मोर कन्सिस्टंटली’ हे शब्द दिलासा देणारे आहेत. त्यांचा अर्थ असा की मूल कधीकधी नेटाने काम करते आणि बाईंनी ते पाहिलेले आहे. पुढचा प्रश्न आपोआप येतो: ते कधी करते आणि कधी करत नाही? या प्रश्नाचे उत्तर शेऱ्यात नसते, पण बाईंकडे असते.

याच भाषेतले आणखी काही शब्द ओळखून ठेवावेत. ‘कॅन बी डिस्ट्रॅक्टेड’ याचा शब्दशः अर्थ विचलित होऊ शकतो असा असला, तरी लिहिणाऱ्याच्या मनात विचलित होतो हेच असते. ‘विथ सपोर्ट’ म्हणजे ते काम मूल अजून एकट्याने करत नाही. हा शब्द दिसला की कोण, किती वेळ, कशी मदत करतो ते विचारावे. ‘सॅटिस्फॅक्टरी’ शब्दाने तर कधीच समाधान मानू नये. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडनेच 2012 मध्ये ही श्रेणी बदलून ‘सुधारणा आवश्यक’ अशा अर्थाचे नाव दिले.

शेवटी, अख्ख्या रिपोर्टमध्ये एक वाक्य असे शोधा जे वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलाला लावता येणार नाही. ‘व्हायकिंग जहाजावरच्या गटकामात त्याने मुलांना वाऱ्याचा अंदाज समजावून सांगितला’ यासारखे वाक्य साठ्यातून येत नाही. ते बाईंनी त्या मुलासाठी बसून लिहिलेले असते. जे वाक्य कोणालाही चिकटते त्यावर कमी विसंबा, जे एकालाच बसते त्यावर अधिक.

तिसरी पायरी: ‘अप्लाय’च्या मागचे कारण शोधा

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळे नुकसान इथे होते. शिक्षकाला वर्गाच्या पुढून काय दिसते? तीस मुले खाली मान घालून लिहीत आहेत, एक मूल पेन्सिलीचे टोक करत आहे, मग खोडत आहे, मग शेजारच्याकडे पाहत आहे, आणि चाळीस मिनिटांनी त्याच्या वहीत चार ओळी आहेत. शेरा या दृश्याचा आहे. दृश्यामागचे कारण त्यात नाही, कारण ते कारण दर वेळी शिक्षकालाही माहीत नसते.

चार ओळींच्या मागे निदान चार कारणे असू शकतात. मुलाला ते काम फार सोपे किंवा फार कंटाळवाणे वाटते आणि ते करायचे टाळते. किंवा मुलाला काय लिहायचे ते माहीत आहे, पण अक्षर काढणे, स्पेलिंग आठवणे आणि वाक्य डोक्यात धरून ठेवणे हे तीन भार एकदम पेलत नाहीत. किंवा ज्याच्याशेजारी ते बसते त्याच्याशी गप्पा थांबत नाहीत. किंवा फळ्यावरचे नीट दिसत नाही, सूचना नीट ऐकू येत नाही. पहिल्या कारणाला ‘मेहनत कर’ हे उत्तर काही प्रमाणात लागू पडते. बाकी तिन्हींना ते लागू पडत नाही, उलट दुसऱ्या कारणाच्या मुलाला ‘नेट लाव’ म्हणत राहिल्यास ते मूल आधीच लावत असलेला नेट कोणालाच दिसत नाही असे मानू लागते.

कारण वेगळे करण्यासाठी दोन गोष्टी घरीच करता येतात.

पहिली म्हणजे वह्या पाहणे. वर्षाअखेरीस बहुतेक शाळा वह्या घरी पाठवतात. न पाठवल्यास पाहायला मागाव्यात. लेखनाची, गणिताची आणि विज्ञानाची वही शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त ओळी मोजा. आपल्या उदाहरणातल्या मुलाच्या गणिताच्या वहीची पाने भरलेली आहेत. विज्ञानाच्या वहीत आकृत्या नीट आहेत, पण निष्कर्षाच्या जागी एकच वाक्य आहे. लेखनाच्या वहीत दहापैकी सात वेळा काम अर्धे आहे. बाईंनी समासात केलेल्या खुणाही पाहा; बहुतेक शाळांत त्या खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला असतो. मदतीने केलेल्या कामाची खूण आणि एकट्याने केलेल्या कामाची खूण वेगवेगळी असेल, तर प्रत्येकी किती आहेत तेही मोजा. या मुलाच्या वहीत जिथे जिथे पूर्ण पान आहे, तिथे तिथे मदतीची खूण आहे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायची आहे आणि ती वीस मिनिटांत होते. मुलाला त्याच्या आवडीचा विषय द्या, समजा विमानतळावर हरवलेली बॅग. आधी त्याला ती गोष्ट तोंडी सांगू द्या आणि फोनवर आवाज मुद्रित करा. मग दहा मिनिटे तीच गोष्ट लिहू द्या, मध्ये काही बोलू नका, स्पेलिंग सांगू नका. मुद्रण आणि कागद शेजारी ठेवा. आपल्या मुलाने तीन मिनिटे अखंड सांगितले, त्यात सुरुवात, गोंधळ आणि शेवट होता. कागदावर दहा मिनिटांत अडीच ओळी आल्या, ‘सूटकेस’ तीनदा खोडलेले होते, आणि पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की बोटाचे टोक पांढरे पडले होते. लिहिण्याच्या कष्टाने चेहरा लाल झालेल्या या मुलाला आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्याला सांगायचे आहे, पण ते कागदावर उतरवणे त्याला जड जात आहे.

याच प्रयोगात मुलाने दहा मिनिटांत हसत-हसत पाऊण पान लिहिले असते, तर निष्कर्ष उलटा निघाला असता. मग प्रश्न क्षमतेचा नसून वर्गातल्या कामात मन न लागण्याचा, किंवा जागेचा आणि शेजाऱ्याचा आहे.

प्रयोगाची मर्यादाही लक्षात असू द्या. यातून डिस्लेक्सिया किंवा दुसरे काही आहे असे ठरवता येत नाही, आणि ठरवू नये. यातून फक्त शिक्षकांशी बोलायला एक ठोस गोष्ट हाती येते. डोळ्यांची शंका मात्र लगेच मिटवता येते: सोळा वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी एनएचएसतर्फे मोफत होते, आणि जवळच्या चष्म्याच्या दुकानात वेळ घेऊन ती करता येते. कानांची शंका असेल तर जीपीकडे जावे.

चौथी पायरी: ‘वर्क्स वेल विथ अदर्स’ कशाच्या शेजारी आहे ते पाहा

हा शेरा रिसेप्शनच्या रिपोर्टमध्ये असेल, म्हणजे मूल चार-पाच वर्षांचे असेल, तर तो पोकळ कौतुकाचा नाही. त्या वर्षाच्या अखेरीस मुलाने गाठायच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत इतरांबरोबर मिळून काम करणे, खेळणे आणि आपल्या पाळीची वाट पाहणे हे शब्दांत लिहिलेले आहे. तिथे बाई एका ठरलेल्या कसोटीचा निकाल देत असतात. नुकतेच भारतातून आलेले आणि इंग्रजी अडखळत बोलणारे मूल असेल, तर कोणत्याही वयात हे वाक्य मोलाचे आहे. मुलाला वर्गाने आत घेतले आहे असे ते सांगते.

इयर फाइव्हमध्ये मात्र हे वाक्य एकटे पाहून चालत नाही. याचे जोडवाक्य असते ‘वर्क्स वेल इंडिपेंडंटली’, एकट्याने चांगले काम करतो. रिपोर्टभर ते जोडवाक्य शोधा. ते कुठेच सापडले नाही, आणि त्याच रिपोर्टमध्ये ‘नीड्स टू अप्लाय हिमसेल्फ’ आहे, तर दोन्ही शेरे एकाच गोष्टीच्या दोन बाजू असण्याची शक्यता मोठी आहे.

इंग्लंडच्या वर्गात जोडीने काम करणे फार असते. बाई प्रश्न विचारतात, मुले शेजारच्याशी अर्धा-एक मिनिट बोलतात, मग हात वर होतात. गटाला एक मोठा कागद दिला जातो. कोणी कल्पना देते, कोणी चित्र काढते, कोणी लिहिते. आपला मुलगा कल्पना देतो. शेजारची मुलगी लिहिते. कागद सुंदर होतो, मुलगा उत्साहाने बोलतो, आणि बाई मनापासून लिहितात की तो इतरांबरोबर छान काम करतो. पुढच्या तासाला एकट्याने लिहायचे असते आणि वहीत चार ओळी उरतात, तेव्हा त्याच बाई लिहितात की त्याने नेट लावायला हवा. दोन्ही वाक्ये खरी आहेत. जोडीत जे काम दुसऱ्याचा हात करतो, तेच काम एकट्याने असताना अडते, हे मात्र दोन वाक्ये एकत्र ठेवल्याशिवाय दिसत नाही.

कल्पना देणे ही खरी ताकद आहे, आणि ती या शेऱ्यात नोंदलेली आहे याचा पालकांना आनंद झाला पाहिजे. पण त्या आनंदात ‘गटात लिहितो कोण?’ हा प्रश्न विचारायचा राहू नये.

याचा आणखी एक प्रकार असतो. मूल शांत असते, कोणाला त्रास देत नाही, गटात जे सांगितले ते करते, आणि वर्षभरात बाईंना त्याच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही सापडत नाही. तेव्हाही हेच वाक्य वापरले जाते. ते ओळखण्याची खूण सोपी आहे: रिपोर्टमध्ये आधी सांगितलेले ‘एकालाच बसणारे’ वाक्य एकही नसते. अशा मुलाच्या पालकांनी तर वेळ मागायलाच हवी, कारण ते मूल नजरेआड राहिले असण्याचा संभव असतो.

पाचवी पायरी: जुलै संपण्यापूर्वी बाईंना भेटा

वेळ थोडा असतो. सत्र जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते आणि सप्टेंबरात मुलाला बहुधा नवे शिक्षक मिळतात. ज्यांनी तो शेरा लिहिला, त्यांना मुलाचे वर्षभराचे वागणे डोळ्यांपुढे आहे. नव्या शिक्षकांना ते कळायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणून रिपोर्ट आल्यापासून तीन-चार दिवसांत शाळेच्या ऑफिसला ईमेल करून दहा मिनिटे मागावीत. ईमेलमध्ये तक्रार नको. रिपोर्टबद्दल आभार, कोणत्या वाक्याबद्दल बोलायचे आहे, आणि घरी काय पाहिले ते दोन ओळींत, एवढे पुरे.

भेटीत ‘तुम्ही असे का लिहिले’ असे विचारल्यास शिक्षक आपल्या शब्दांचा बचाव करू लागतात आणि दहा मिनिटे त्यातच जातात. ‘मुलगा कसा आहे’ असे विचारल्यास उत्तर ‘छान आहे’ असे येते. आपल्याला दृश्य हवे आहे, म्हणून प्रश्न दृश्याचा हवा: “वॉट डू यू सी इन द फर्स्ट फाइव्ह मिनिट्स ऑफ अ रायटिंग टास्क?” लिहायला सांगितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हांला काय दिसते? या एका प्रश्नाने बाईंना शेऱ्यामागचे प्रत्यक्ष आठवते. मग विचारावे की तो नेटाने काम करतो तो प्रसंग कोणता होता. गटात लिहितो कोण. आणि सप्टेंबरात नव्या शिक्षकांकडे त्याच्याविषयी कोणती टीप जाणार आहे. शेवटचा प्रश्न पालक कधीच विचारत नाहीत, आणि तोच सर्वांत उपयोगी आहे, कारण उन्हाळ्यापूर्वी जुने आणि नवे शिक्षक मुलांची माहिती एकमेकांना देतात आणि त्या टिपेत आपले वाक्य जाऊ शकते.

आपल्या मुलाच्या बाबतीत बाई म्हणाल्या की पहिल्या पाच मिनिटांत तो तारीख आणि शीर्षक लिहितो, रेघ मारतो आणि थांबतो. पण एकदा सहायक शिक्षिकेने त्याचे तोंडी वाक्य छोट्या पाटीवर लिहून दिले, तेव्हा त्याने पान भरले होते. आईने मुद्रण ऐकवले आणि अडीच ओळींचा कागद पुढे ठेवला. बाईंनी दोन गोष्टी टिपेत घालण्याचे मान्य केले: लिहिण्यापूर्वी वाक्य मोठ्याने म्हणून घ्यायला मिळावे, आणि लांब लेखनाचे काही काम कीबोर्डवर करून पाहावे.

एवढ्याने भागले नाही, तर शाळेतील सेन्को, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना भेटता येते. त्यांची मदत सुरू होण्यासाठी वैद्यकीय निदान हातात असावे लागत नाही. आधी पाहणी, मग योजना, मग ती राबवणे आणि ठरल्या मुदतीनंतर आढावा, असा क्रम 2015 च्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. मात्र पहिली भेट वर्गशिक्षकांचीच घ्यावी. थेट सेन्कोकडे गेल्यास तेही आधी वर्गशिक्षकांनाच विचारतात, आणि एक आठवडा जातो.

मुलाला काय सांगायचे, आणि काय थांबवू नये

शेरा मुलासमोर वाचायचा असेल तर त्याचे मराठी करताना फार जपावे. ‘तू लक्ष देत नाहीस असे बाई म्हणतात’ हे भाषांतर चुकीचे आहे. बाईंनी मुलाच्या वृत्तीबद्दल नाही, कामाबद्दल लिहिले आहे. मी माझ्या मुलाला असे सांगितले होते: “बाईंना तुझ्या गोष्टी आवडतात. त्या वहीत पूर्ण उतरत नाहीत, ते कुठे अडते ते आपण शोधू.” कॉलवर आजी-आजोबा असतील तर त्यांनाही हेच वाक्य सांगावे, नाहीतर सुट्टीत साताऱ्याला किंवा कोल्हापूरला पोचल्यावर मुलाला पहिल्याच दिवशी शुद्धलेखनाची वही मिळते.

इंग्रजी लेखनात ‘वर्किंग टुवर्ड्स’ पाहून काही घरांत मराठी बोलणे बंद केले जाते. तसे करू नये. तोंडी गोष्ट रचणे हे लेखनाचे अर्धे काम आहे आणि ते ज्या भाषेत सहज येते त्या भाषेत वाढते. आजीला मराठीत तीन मिनिटांची गोष्ट सांगणारे मूल तीच मांडणी इंग्रजीत घेऊन जाते.

माध्यमिक शाळेत हेच वाचन थोडे वेगळे होते, कारण तिथे आठ-दहा विषयांचे शिक्षक स्वतंत्रपणे लिहितात किंवा फक्त वृत्तीची श्रेणी देतात. तिथे मोजणी उपयोगी पडते: ‘अप्लाय’चा शेरा एकाच विषयात असेल तर तो विषय किंवा ते शिक्षक यांच्यापाशी शोधा, जास्त लेखन लागणाऱ्या सगळ्या विषयांत असेल आणि गणित-चित्रकलेत नसेल तर वरचाच प्रयोग करा, सगळीकडे असेल तर झोप, फोन आणि मित्र यांकडे आधी पाहा. मागच्या वर्षांचे रिपोर्टही काढून ठेवा. इयर टूपासून दर वर्षी हेच वाक्य येत असेल, तर तो या वर्षीचा आळस नव्हे.

जुने रिपोर्ट हरवले असतील तर कौन्सिलच्या अखत्यारीतील सरकारी शाळेकडून पालकांना मुलाची शैक्षणिक नोंद लेखी मागता येते आणि शाळेने ती पंधरा शालेय दिवसांत द्यावी लागते. अकॅडमी शाळांना हा नियम लागू नाही, तरी मागितल्यास बहुतेक शाळा जुने रिपोर्ट देतात.

ऑक्टोबरच्या मधल्या सुट्टीच्या आसपास पालकभेटीची संध्याकाळ असते. त्या दिवशी टेबलावर वह्या ठेवलेल्या असतात. आपल्या मुलाच्या आईने नव्या शिक्षकांची वाट पाहत असताना लेखनाची वही उघडली आणि सवयीने ओळी मोजल्या: चाळीस मिनिटांच्या कामाला अकरा ओळी, समासात मदतीची खूण नाही, आणि पानाच्या तळाशी मुलाच्या अक्षरात, बाईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेले, ‘आय सेड इट फर्स्ट अँड देन आय रोट इट.’